हल्ल्याच्या वेळी मागे कोण? रेस्ट डिफेन्स उभा करण्याची पद्धत

आपला विंगर उजवीकडून क्रॉस टाकतो, त्यांचा स्टॉपर डोक्यानं बॉल बाहेर काढतो, आणि दहा-बारा सेकंदांत आपला गोलकीपर जाळ्यातून बॉल काढत असतो. बेळगावच्या लेले मैदानावर बघा, नाहीतर निपाणी-खानापूरकडच्या एखाद्या शाळेच्या मैदानावर बघा, असा गोल प्रत्येक स्पर्धेत दिसतो. कडेला उभे असलेले लोक म्हणतात, "डिफेन्स झोपला." खरं तर त्या डिफेन्सनं पळण्यात कसूर केलेली नसते. बॉल हातचा गेला त्या क्षणी तो चुकीच्या जागी उभा होता आणि तिथून कितीही पळालं तरी वेळेवर पोचता येत नाही.

आपण हल्ला करत असताना, त्या हल्ल्यात थेट नसलेले खेळाडू बॉलच्या मागे ज्या रचनेत उभे राहतात तिला रेस्ट डिफेन्स म्हणतात. मागे राहिलेल्यांचा बचाव, एवढाच त्याचा अर्थ. काउंटर, म्हणजे बॉल हिसकावून त्यांनी केलेला उलटा हल्ला, सुरू झाल्यावर ही रचना करता येत नाही. ती बॉल आपल्याकडे असतानाच तयार असावी लागते.

नव्यानं टीम हाती घेतलेल्यांसाठी मी इथे एकच प्रसंग घेतो: उजव्या बाजूनं चाललेला आपला हल्ला. तो नीट बसला की डावीकडचा हल्ला त्याचंच उलट रूप आहे.

आधी माणसं मोजा

आपली टीम चार डिफेंडर, तीन हाफ आणि तीन फॉरवर्ड अशी खेळते असं धरू. नंबर नेहमीचेच: 2 उजवा बॅक, 3 डावा बॅक, 4 आणि 5 मधले स्टॉपर, 6 बचावाचा हाफ, 8 आणि 10 त्याच्या पुढचे हाफ, 7 उजवा विंगर, 11 डावा, 9 सेंटर फॉरवर्ड.

बॉल 7 कडे आहे, टचलाइनजवळ. 2 त्याच्या बाहेरून पुढे धावतो. पेनल्टी एरियात 9, 10 आणि 11 शिरतात. हे पाच झाले. मागे राहिले 3, 4, 5, 6 आणि 8, शिवाय गोलकीपर. पाच पुढे, पाच मागे. सुरुवातीला हाच हिशोब धरा.

आता त्यांच्याकडे बघा. त्यांनी बचाव करताना वर किती माणसं ठेवलीत? आपल्या सगळ्यात मागच्या ओळीत त्या संख्येपेक्षा एक माणूस जास्त हवा. त्यांचे दोन वर असतील तर आपले तीन. एक असेल तर दोन पुरतात. एकही नसेल, सगळे अकरा आपापल्या गोलसमोर गर्दी करून असतील, तरीही दोन मागे ठेवा, कारण बॉल सुटला की कोणीतरी धावत वर येणारच. पण मग तिसऱ्याला पुढे सोडायला हरकत नाही. हे मोजणं सामना सुरू होण्यापूर्वी संपत नाही. त्यांनी एक फॉरवर्ड बदलून दोन आणले की 5 नंबरनं त्याच मिनिटाला ओरडून सांगायला हवं.

इथे एक नियम पाळला तर निम्मा त्रास कमी होतो: 2 वर गेला की 3 थांबतो आणि 3 वर गेला की 2 थांबतो. दोन्ही बॅक एकदम टचलाइनला धावले की मागे दोन स्टॉपर उरतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना रिकामं मैदान.

"सर, मग मी वर जायचंच नाही काय?" डाव्या बॅकला खेळणारं प्रत्येक पोरगं हे विचारतं. जायचं, पण बॉल तुझ्या बाजूला आला की. बॉल उजवीकडे असताना तुझं काम आत सरकून तिसरा स्टॉपर होण्याचं आहे. हे त्याला मैदानावर उभं करून दाखवावं लागतं, कारण टचलाइनला चिकटून राहायची सवय जुनी असते. आत म्हणजे किती, तर दोन्ही गोलपोस्टमधून मैदानाच्या लांबीला दोन रेषा काढल्या असं समजा. डाव्या पोस्टच्या रेषेपासून चार-पाच पावलं बाहेर, त्यापेक्षा लांब नको. गोलकडे जाणारा सगळ्यात जवळचा रस्ता मधून जातो, म्हणून आधी मध्य बंद करायचा. कडेनं कोणी निघालाच तर त्याला जास्त अंतर कापावं लागतं, आणि तेवढ्यात आपली बाकीची माणसं परततात.

पुढचे दोन: 6 आणि 8

मागच्या पाचांत सगळ्यात कठीण काम या दोघांचं, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष यांच्याकडेच होतं. क्रॉस चालला की दोघांनाही गोल करायची घाई होते. दोघेही पेनल्टी एरियात घुसतात आणि हेड होऊन बाहेर आलेला बॉल मोकळ्या जागेत त्यांच्या हाफच्या पायात पडतो. काउंटरची सुरुवात तिथून होते.

पेनल्टी एरियाची खोली 16.5 मीटर. डोक्यानं बाहेर काढलेला बॉल बहुतेक वेळा त्या रेषेच्या आसपास किंवा थोडा बाहेर पडतो. म्हणून 6 नं बॉलच्या बाजूला, एरियाच्या उजव्या कोपऱ्यापासून पाच-सहा मीटर मागे उभं राहावं. 8 नं मध्यावर, अर्धवर्तुळाच्या थोडं मागे. दोघांमध्ये यापेक्षा जास्त अंतर नको, नाहीतर मधून सरळ पास निघतो. दोघांनीही बॉलकडे टक लावून बसू नये. क्रॉस हवेत जाण्याआधी एकदा मान वळवून मागे बघायचं: त्यांचा कोणता हाफ मोकळा आहे? बॉल सुटला तर पहिला पास त्यालाच जाणार.

हे दोघे जागेवर असले की दोन फायदे होतात. सुटलेला बॉल पुन्हा आपल्याकडे येतो आणि दुसरा हल्ला लगेच सुरू होतो. आणि बॉल मिळाला नाही तरी त्यांच्या माणसाला मान वर करून लांब पास द्यायला वेळ मिळत नाही. घाईत मारलेला बॉल आपल्या मागच्या तिघांना सोपा जातो.

मागचे तीन: ओळ कुठे ठेवायची

"सेंटर लाइनवर उभे राहा" असं सांगून बरेच प्रशिक्षक मोकळे होतात. पण ओळ ठरते ती त्यांच्या फॉरवर्डवरून. त्यांचा 9 जिथे उभा आहे तिथे 5 नं त्याच्या आणि आपल्या गोलच्या मधे, हात लावता येईल इतकं जवळ असायचं. तो सेंटर लाइनपासून दहा मीटर त्यांच्या बाजूला असेल तर 5 सुद्धा तिथेच, त्याच्या पाठीमागे. त्यामुळे आपले तीन आणि 6-8 यांच्यातली पोकळी वीस मीटरच्या आसपास राहते. ती तीस-पस्तीस झाली की त्यांचा फॉरवर्ड त्या पोकळीत बॉल घेतो आणि आरामात वळतो.

पण त्यांचा 9 हुशार असेल तर तो सेंटर लाइनला येऊन उभा राहतो. इथे ऑफसाइडचा नियम नीट माहीत हवा. स्वतःच्या अर्ध्या भागात असलेला खेळाडू ऑफसाइड होत नाही, आणि सेंटर लाइन त्याच्या बाजूचीच धरली जाते. म्हणजे आपले तिघे उत्साहात त्याच्या पुढे, त्यांच्या भागात सरकले, तर तो त्यांच्या मागे एकटा उभा असूनही ऑफसाइड नाही. लांब पास पडला की थेट गोलकीपरसमोर. म्हणून तो सेंटर लाइनवर असेल तर 5 नं लाइनच्या आपल्या बाजूला दोन-तीन पावलं आत राहायचं. मग तो पासच्या आधी आपल्या सगळ्यात मागच्या डिफेंडरच्याही मागे सरकला तर ऑफसाइडमध्ये जातो. 4 आणि 3 मात्र सोबतच्या माणसांप्रमाणे थोडे पुढे-मागे असू शकतात. तिघे एका सरळ रेषेत दिसले नाहीत म्हणून काळजी करू नका. एक लक्षात ठेवा: ऑफसाइड ठरते ती सगळ्यात मागे असलेल्या आपल्या खेळाडूवरून, गोलकीपर त्याच्याही मागे आहे असं धरून.

आता आपल्या प्रसंगात त्यांनी दोघांना वर ठेवलंय: मधे 9, आणि आपला 2 पुढे गेल्यामुळे रिकाम्या झालेल्या उजव्या बाजूला त्यांचा वेगवान विंगर. धोका या दुसऱ्याचा मोठा. 4 ला मोह होतो त्याला चिकटायला टचलाइनपर्यंत जायचा. तसं केलं की 4 आणि 5 मधे दार उघडतं. 4 नं त्याच्यापासून सहा-सात मीटर आत, आणि त्याच्यापेक्षा आपल्या गोलच्या जवळ राहायचं. बॉल हवेतून विंगरकडे जाईपर्यंत एवढं अंतर कापता येतं. 5 हा 9 सोबत. आणि 3, ज्याच्याकडे माणूस नाही, तो 5 पेक्षा तीन-चार मीटर मागे: 5 हरला तर तो तिथे आहे. एक जास्तीचा माणूस ठेवतो तो यासाठीच.

शरीर कसं वळलेलं आहे तेही बघा. बॉलकडे छाती करून सरळ उभा राहिलेला डिफेंडर मागे वळायला एक पूर्ण क्षण घालवतो. अर्धं वळून, एका खांद्यावरून बॉल आणि दुसऱ्यावरून माणूस दिसेल असं उभं राहायला शिकवा.

एक खरा गोल, पुन्हा बघण्यासारखा

2018 च्या वर्ल्ड कपमध्ये 17 जूनला मॉस्कोत जर्मनी-मेक्सिको सामना झाला. जर्मनी तेव्हा जगज्जेता होता. त्यांचा उजवा बॅक किमिख सतत वर होता, आणि नेमक्या त्याच बाजूला मेक्सिकोचा वेगवान लोझानो खेळत होता. 35 व्या मिनिटाला मेक्सिकोच्या गोलजवळ जर्मनीच्या सामी खेदिराकडून बॉल सुटला. बॉल पुढे मेक्सिकोच्या हाविएर एर्नांदेझकडे आला. स्टॉपर हुमेल्स त्याला रोखायला पुढे आला, पण वन-टू पासनं मागे पडला. पुढे मोकळं मैदान. एर्नांदेझनं बॉल नेला, डावीकडे लोझानोला दिला. लोझानोनं परत धावत आलेल्या ओझिलला चकवून आत घेतलं आणि गोल केला. सामना 1-0 नं गेला आणि जर्मनी त्या स्पर्धेत गटातूनच बाहेर पडला.

आपल्या पाच जणांच्या हिशोबानं हा गोल तपासा. मागे दोनच स्टॉपर होते, हुमेल्स आणि बोआटेंग, आणि त्यांच्यावर धावून आलेली माणसं जास्त होती. हुमेल्सला पुढे येणं भाग होतं, पण त्याच्या मागे सावरणारा तिसरा नव्हता. मधल्या हाफपैकी कोणी त्याच्यासमोर पडदा धरून नव्हता. लोझानोसोबत शेवटी धावत होता तो मुळात हल्ल्याचा खेळाडू. सामन्यानंतर हुमेल्सनं जाहीरपणे हीच तक्रार केली, की मागे वारंवार आम्ही दोघेच उरत होतो.

उलट चित्र बघायचं तर 2022-23 च्या मँचेस्टर सिटीचे सामने बघा. स्टॉपर जॉन स्टोन्स बॉल आपल्याकडे असताना पुढे येऊन रोद्रीच्या बाजूला उभा राहायचा, मागे तीन डिफेंडर. तीन आणि त्यांच्यापुढे दोन, हीच रचना. माणसं वेगळ्या मार्गानं तिथे येतात, पण उभी राहतात त्याच जागांवर.

बॉल गेला, आता?

पहिल्या चार-पाच सेकंदांत एकच प्रश्न महत्त्वाचा: बॉल घेतलेल्या माणसाची मान वर आहे की खाली?

तो आपल्या गोलकडे पाठ करून असेल, बॉल अजून पायात बसला नसेल, तर 6 किंवा 8 पैकी जवळचा त्याच्यावर धावून जातो आणि दुसरा त्याचा जवळचा पास बंद करतो. मागचे तिघे आपापल्या माणसाला आणखी चिकटतात.

तो वळलेला असेल, मान वर असेल, समोर मैदान दिसत असेल, तर त्याच्यावर झडप घालून उपयोग नाही. तेव्हा मागच्या तिघांनी लगेच गोलच्या दिशेनं मागे सरकायचं, एकमेकांच्या जवळ येत. या दोन्हींत घोळ झाला, म्हणजे 6 पुढे धावला आणि 5 मागे पळाला, की मधे चाळीस मीटरचं पटांगण तयार होतं. म्हणून हाक एकाचीच हवी. ती 5 नं द्यावी, कारण त्याला सगळं मैदान समोर दिसतं.

आपल्या टीममध्ये मराठी पोरं असतात, कन्नड असतात, कॅम्पातली हिंदी-उर्दू बोलणारीही असतात. घाईत ज्याच्या त्याच्या तोंडी ज्याची त्याची भाषा येते. एक "मागे" म्हणतो, दुसरा "हिंदे". म्हणून दोनच हाका आधी ठरवून घ्या, सगळ्यांना एकच शब्द. "चढ" म्हणजे धावून जा, "मागे" म्हणजे सरका. कोणत्या भाषेतले ते टीमनं मिळून ठरवावं. सरावात रोज तेच वापरावेत.

शेवटी एकटा उरलेल्या डिफेंडरनं पाय टाकू नये. मागे सरकत, विंगरला टचलाइनकडे ढकलत वेळ काढायचा. आणि शर्ट ओढून काउंटर थांबवण्याचा सल्ला जे देतात, त्यांनी पोरांना नियमही सांगावा: चांगला हल्ला असा थांबवला तर पिवळं कार्ड, आणि गोलची उघड संधी हिसकावली तर थेट लाल.

सरावात कसं बसवायचं

सोळा पोरं असली तरी चालतं. आपले दहाही ठरलेल्या जागी. समोर गोलकीपर, दोन डिफेंडर, एक हाफ आणि वर दोन फॉरवर्ड. बॉल 7 कडे द्या, क्रॉस होऊ द्या. क्रॉसचं काहीही झालं तरी तुम्ही दुसरा बॉल त्यांच्या डिफेंडरकडे फेका. हाच "बॉल गेला" क्षण. त्यांना दहा सेकंदांत बॉल पायात घेऊन सेंटर लाइन ओलांडायची आहे. ओलांडली तर गुण त्यांचा. आपण हिसकावला किंवा बाहेर घालवला तर आपला.

पहिले काही दिवस मात्र दुसरा बॉल फेकण्याऐवजी शिट्टी मारा. सगळे जागच्या जागी थांबतील. 3, 4, 5 ला एकेक करून विचारा: तुझा माणूस कोण? दोघांनी एकाच फॉरवर्डकडे बोट दाखवलं, किंवा कोणी बॉलकडेच दाखवलं, तर चूक तिथेच सापडली. उत्तर न शोधता लगेच येऊ लागलं की दुसरा बॉल सुरू करा.

सामन्यात तपासायला कोणाच्या तरी मोबाइलवर शूटिंग पुरेसं आहे, फक्त उंचावरून हवं: शाळेची गॅलरी, शेजारच्या इमारतीची गच्ची. बॉलमागे कॅमेरा फिरवू नका, सेंटर लाइन कायम चौकटीत राहू द्या. घरी बघताना प्रत्येक वेळी बॉल गेला त्या फ्रेमला थांबवा आणि मोजा. मागे पाच आहेत का? 6 आणि 8 एरियाच्या बाहेर आहेत का? 3 आत आहे की टचलाइनला? गोल पडला नाही त्या वेळाही मोजा. त्यांच्या फॉरवर्डनं पास चुकवला म्हणून वाचलेला प्रसंग रचनेच्या दृष्टीनं तितकाच वाईट असतो.

मैदान, पाऊस आणि घड्याळ

वर दिलेली अंतरं मोठ्या मैदानाची आहेत. शाळेचं मैदान लहान असलं तर ती त्याच प्रमाणात कमी करा. माणसांची संख्या आणि त्यांची मांडणी तीच राहते.

खानापूर-जांबोटीकडची तांबडी माती उन्हाळ्यात दगडासारखी होते. लांब मारलेला बॉल टप्पा पडून डिफेंडरच्या डोक्यावरून जातो. तिथे मागचे तीन नेहमीपेक्षा पाच मीटर मागे राहू देत आणि बॉल टप्पा पडण्याआधीच खेळू देत. गोलकीपरनंही अशा मैदानावर पेनल्टी एरियाच्या बाहेर, गोलपासून वीस-पंचवीस मीटरवर उभं राहावं; मागे आलेला लांब बॉल त्याचाच. जुलैच्या चिखलात उलट होतं. बॉल पाण्यात अडकून थांबतो, आणि तो पोचेल असं समजून बाहेर आलेला गोलकीपर मधेच सापडतो. तेव्हा त्यानं मागे राहावं आणि 5 नं 9 ला आणखी चिकटावं, कारण थांबलेल्या बॉलवर जो आधी पाय ठेवेल त्याचा बॉल.

आणि शेवटची दहा मिनिटं, आपण एक गोलनं मागे. कडेवरून सगळे ओरडतात, सगळ्यांना वर पाठवा. पाठवायचंच असेल तर 8 ला पाठवा. 6 जागेवर राहिला तर सुटलेला बॉल परत मिळतो आणि त्या दहा मिनिटांत तीन-चार हल्ले जास्त होतात; मागचे तीन हलले तर पुढच्या एका काउंटरला दुसरा गोल पडतो आणि सामना तिथेच संपतो. त्यांनीही तोवर फक्त एकच फॉरवर्ड वर ठेवलेला असेल, आणि तेव्हा असंच होतं, तर 3 ला डावीकडून सोडा, पण त्याआधी 2 ला खाली बोलावून घ्या.